अध्यक्षांच्या परवानगीने

चेअरमन होण्यात फायदा काय, असं कोणी विचारलं तर मी एकच सांगतो: वर्षातून एकदा माइक सगळ्यांच्या आधी आपल्या हातात येतो आणि तो काढून घेण्याची सभागृहात कोणाची छाती होत नाही. बाकी सगळा तोटाच. बैठकीचा भत्ता चहापाण्यात जातो, जामीनदार न मिळालेला कर्जदार भर बाजारात आडवा येतो, आणि ज्या घरी वसुलीची नोटीस गेली त्याच घरी लग्न निघालं तर आहेर नेहमीपेक्षा जास्त करावा लागतो. हे सगळं मी सोसतो ते केवळ सप्टेंबरातल्या त्या एका दुपारसाठी. मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. उभ्या नोकरीत शाळा भरल्याचं जाहीर करायचा मान शिपायाकडे होता, कारण घंटा त्याच्या ताब्यात होती. ‘सभेचे कामकाज सुरू झाले असे मी जाहीर करतो’ हे वाक्य मला निवृत्तीनंतर लाभलं. ते मी सावकाश, ‘जाहीर’वर किंचित थांबून म्हणतो. त्या थांब्यात समोरच्या रांगेतले दोन-तीन जण मोबाइल खाली ठेवतात, एवढं मला पुरतं.

संस्थेचं नाव सांगत नाही. श्रीरामपूरच्या बाजूची एक मध्यम पतसंस्था, असं समजा. जिल्हा अहमदनगरचा अहिल्यानगर झाला तेव्हा आम्ही शिक्के, पावतीपुस्तकं आणि लेटरहेड बदलली. बोलण्यात काही फरक पडला नाही. आम्ही आधीही ‘नगर’ म्हणायचो आणि आताही ‘नगर’च म्हणतो.

सभेची तारीख ठरवणं हे पहिलं महाभारत. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं आणि कायद्याप्रमाणे पुढच्या सहा महिन्यांत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, म्हणजे 30 सप्टेंबर ही शेवटची तारीख. लेखापरीक्षण, अहवालाची छपाई आणि सभासदांना चौदा दिवस आधी नोटीस हे सगळं त्याच्या आत बसवायचं. आता सप्टेंबर म्हणजे गणपती आणि त्यांच्या पाठोपाठ पितृपक्ष. 2024 साली तर कमालच झाली. 17 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी, दुसऱ्या दिवशीपासून पितृपक्ष, तो थेट 2 ऑक्टोबरपर्यंत. ज्यांचा अहवाल छापखान्यात अडकला होता त्यांना सभेसाठी उरला तो फक्त पक्षपंधरवडा. आमचे व्हाइस चेअरमन आप्पा म्हणाले, “पक्षात शुभकार्य कसं करायचं?” मी म्हणालो, “आप्पा, ताळेबंद वाचणं हे शुभकार्य कधीपासून झालं?” त्यावर आमच्या संचालक मंडळातले सगळ्यात ज्येष्ठ तात्या शांतपणे म्हणाले, “घ्या की पक्षातच. नाहीतरी आपण सुरुवात श्रद्धांजलीनंच करतो.”

सभा पक्षातच झाली.

सभेची वेळ नोटिशीत दुपारी एकची असते. एक वाजता मंगल कार्यालयात संचालक, कर्मचारी, मांडववाला आणि आचारी एवढेच हजर असतात. सभासद अडाणी नाहीत. नोटिशीच्या तळाशी बारीक अक्षरात काय लिहिलंय ते त्यांना पाठ आहे: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी, त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. म्हणून सगळे तहकुबीनंतरच येतात. पण तहकुबी कोणीतरी जाहीर करावी लागते आणि ते काम अध्यक्षाचं. रिकाम्या खुर्च्यांपुढे उभं राहून मी म्हणतो, “गणसंख्या पूर्ण न झाल्याने ही सभा अर्ध्या तासासाठी तहकूब करण्यात येत आहे.” मांडववाला मान डोलावतो. मला हा प्रसंगही आवडतो, कारण त्यामुळे एकाच दुपारी दोनदा जाहीर करायला मिळतं.

मग अध्यक्षीय सूचना. उपविधीप्रमाणे संस्थेचा अध्यक्ष हाच सभेचा अध्यक्ष असतो, तो गैरहजर असेल तरच दुसरा शोधायचा. तरीही दरवर्षी एक संचालक उठतो आणि ‘आजच्या सभेचे अध्यक्षस्थान आदरणीय सरांनी भूषवावे’ अशी सूचना मांडतो, दुसरा अनुमोदन देतो, टाळ्या पडतात, आणि आधीपासून मधल्या खुर्चीवर बसलेला मी अर्धवट उठून पुन्हा तिथेच बसतो. मॅनेजर मॅडमनी एकदा हळूच विचारलं होतं, “सर, हे कायद्यात नाही ना, मग गाळायचं का? पाच मिनिटं वाचतील.” मी त्यांना सांगितलं की परंपरा नावाची गोष्ट असते. सूचना मांडली जात असताना डोळे खाली घालून टेबलावरच्या हाराकडे कसं पाहायचं याचा माझा बराच अभ्यास झालेला आहे. तो वाया घालवायचा नव्हता.

आता संचालकांचा परिचय करून द्यायचा असतो. पण त्याआधी गाडगीळ येतात.

माझं ठाम मत असं की श्रीरामपूर-लोणी या पट्ट्यातल्या कोणत्याही सहकारी सभेत धनंजयराव गाडगीळांचं नाव न घेता कामकाज सुरू झालं तर सहायक निबंधकांनी ते रद्द ठरवावं. संचालकांना माझं हे मत माहीत आहे. मी “1926 साली” एवढं म्हटलं की व्यासपीठावर पाण्याच्या बाटल्या उघडल्याचा आवाज होतो. पण मी थांबत नाही. 1926 साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं आणि प्रवरेच्या कालव्यांनी हा मुलूख ओला केला. पाणी आलं, पैसा आला नाही. ऊस पिकवायचा, गूळ करायचा आणि भाव पडला की व्यापाऱ्याच्या दारात उभं राहायचं. पुष्कळांनी जमिनी खासगी साखर कंपन्यांना खंडानं दिल्या आणि आपल्याच रानात मजुरीला गेले. हरेगावची बेलापूर कंपनी आमच्या उशाशीच होती. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांचं शिक्षण जेमतेम, पण 1923 सालीच त्यांनी गावात सहकारी पतपेढी काढलेली. पुढे 1945 साली बेलापुरात बागाईतदारांची परिषद भरली. तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्राध्यापक गाडगीळ. शेतकऱ्यांनी आपला कारखाना आपणच काढावा, हा विचार तिथं जोर धरू लागला. विठ्ठलरावांनी गावोगाव हिंडून भाग भांडवल गोळा केलं, आणि 1950-51 च्या हंगामात लोणीला सहकारी कारखान्याचं पहिलं गाळप झालं.

इथपर्यंत सभा ऐकते. यापुढचा भाग माझा खास, आणि तो सांगताना माझा आवाज थोडा चढतो. भाग भांडवल विठ्ठलरावांनी गोळा केलं, माणसं त्यांनी जोडली, रोष त्यांनी पत्करला. मग कारखान्याचा पहिला चेअरमन कोण? गाडगीळ. ज्यांचा प्रवराकाठी ऊस नाही, गोतावळा नाही, असा पुण्याचा अर्थशास्त्रज्ञ चेअरमन, आणि विठ्ठलराव व्हाइस चेअरमन. एक-दोन वर्षं नाही, जवळजवळ दहा वर्षं हे असंच चाललं. हिशेब ज्याला कळतो त्यानं मधल्या खुर्चीत बसावं आणि माणसं ज्याला कळतात त्यानं शेजारी बसावं, असं त्या दोघांना वाटलं. आज आपल्या तालुक्यात दुसऱ्यासाठी खुर्ची सोडणारा व्हाइस चेअरमन दाखवा, असं मी सभेला विचारतो. आप्पा त्या वेळी छताकडे पाहतात.

खरं सांगायचं तर हा प्रश्न मी आप्पांसाठी विचारतच नाही. माझा रोख दुसरीकडे असतो. गाडगीळ बाहेरचे, मीही बदलीवर या गावात आलेला बाहेरचा. ते मास्तर, मीही मास्तर. त्यांना चष्मा, मलाही चष्मा. एवढे पुरावे दिल्यावर उरलेला निष्कर्ष सभेनं आपण होऊन काढावा, अशी माझी माफक अपेक्षा असते. आजवर तो कोणी काढलेला नाही. एकदा मी घरी हा विषय काढला तेव्हा बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, “गाडगीळ केंब्रिजला शिकले होते. तुमचं एम. ए. बाहेरून.” पुढं ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले हे तिला ठाऊक नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही.

तर संचालकांचा परिचय. कायद्यानं संचालक मंडळ एकवीसपेक्षा मोठं असू शकत नाही. आमचं बरंच लहान आहे, तरी परिचयाला गाडगीळांइतकाच वेळ लागतो, कारण प्रत्येकाला विशेषण हवं असतं. विशेषणांचं वाटप कर्जवाटपाहून अवघड. ज्याच्या शेतात ठिबक आहे तो ‘प्रगतशील शेतकरी’. ज्याच्याकडे ठिबक नाही पण ट्रॅक्टर आहे तोही तोच. किराणा दुकान असेल तर ‘प्रथितयश व्यापारी’, दुकानाशेजारी पिठाची गिरणी असेल तर ‘उद्योजक’. एकानं मुलाच्या शाळेला पंखा दिला तेव्हापासून तो ‘शिक्षणप्रेमी’ आहे. पंखा बंद पडला, विशेषण चालू आहे. एका वर्षी मी दोघांना ‘सहकाररत्न’ म्हणालो, तर तिसऱ्यानं सभेनंतर मला बाजूला घेऊन विचारलं, “सर, माझं काय चुकलं?” परिचयाचा क्रम हा आणखी वेगळा विषय. ज्येष्ठतेनं घ्यावं तर तरुण रुसतात, आडनावानं घ्यावं तर ‘क्ष’वाले रुसतात. शेवटी मी बसले आहेत त्या क्रमानं घेऊ लागलो, तर सभेच्या आधी खुर्च्यांसाठी धावाधाव सुरू झाली.

महिला संचालकांच्या परिचयाची एक वेगळीच रीत आहे. राखीव जागा दोन, आणि ओळख ‘अमुकरावांच्या सुविद्य पत्नी’. मीही तशीच करून देत होतो. आमच्या ताई सोनेतारणाच्या फायली स्वतः पाहतात. मूल्यांकन करणाऱ्या सराफानं वजनात खडे धरले की वजा केले हे त्या भर बैठकीत विचारतात, आणि त्यांच्यामुळे आमचं सोनेतारण आजवर कधी बुडालेलं नाही. परिचय संपल्यावर त्या माइकजवळ येऊन म्हणाल्या, “सर, निवडणुकीच्या मतपत्रिकेवर माझं नाव होतं. ह्यांचं नव्हतं.” सभा हसली. अमुकराव तिसऱ्या रांगेत होते, तेही हसले, पण सगळ्यांच्या नंतर.

यानंतर येतं विषयपत्रिकेचं वाचन. इथं माझ्या वैभवाला पहिली ठेच लागते. मी म्हणतो, “विषय क्रमांक एक. मागील वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त वाचून...” आणि मागून आवाज येतो, “मंजूर!” मी ‘कायम करणे’ म्हणायच्या आत विषय कायम झालेला असतो. विषय दोन, अहवाल व ताळेबंद. “मंजूर!” विषय तीन, लेखापरीक्षण अहवाल व दोषदुरुस्ती. “मंजूर!” एकदा मी चष्मा पुसायला थांबलो तर त्या थांब्यालाही मंजुरी मिळाली. हा आवाज आमच्याच गावचा नाही, जिल्हाभर आहे. कुठं तो एकटा असतो, कुठं कोपऱ्यात चार-पाच जणांचा जथा. त्याला कोण बसवतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. मग दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते की अमुक संस्थेची सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली. खेळ कोणाचा आणि मेळ कोणाचा, हे वार्ताहर लिहीत नाही. तोही जेवायला आलेला असतो.

एकाच विषयाला मागचा आवाज गप्प राहतो, तो म्हणजे लाभांश. तिथं सगळ्यांनाच ऐकायचं असतं. “पंधरा टक्के द्या!” अशी आरोळी उठते. पंधरा टक्क्यांच्या वर द्यायला निबंधकांची पूर्वपरवानगी लागते, म्हणून आरोळी बरोबर पंधरावर थांबते. आमचे सभासद कायदा वाचत नाहीत, पण कायद्याचा काठ त्यांना ठाऊक असतो. मी समजावून सांगतो की निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा आधी राखीव निधीत जातो, समजा नफा बारा लाख झाला तर तीन लाखांना हात लावता येत नाही. त्यावर कोणीतरी म्हणतं, “मग उरलेले नऊ कुठं गेले?” हा खरा प्रश्न. असे प्रश्न बाकीच्या विषयांना पडत नाहीत, याची मला चीड येते.

चीड यायला एक निमित्त झालं. विषय क्रमांक सात होता: संचालक व त्यांचे कुटुंबीय यांना दिलेल्या कर्जाच्या माहितीची नोंद घेणे. हा विषय अध्यक्षाच्या मर्जीचा नाही. सहकार कायद्याच्या कलम 75 प्रमाणे हे पत्रक सभेपुढे ठेवावंच लागतं. संचालकाला, त्याच्या घरच्यांना, किंवा ते ज्यात भागीदार वा संचालक आहेत अशा फर्मला, कंपनीला, संस्थेला किती कर्ज दिलं, वर्षभरात किती फिटलं, वर्षाखेर किती येणे आणि त्यात थकीत किती, एवढं त्यात असायला हवं. सगळ्याच सभांत हा विषय जरा घाईनं वाचला जातो. मीही तो ‘सातवा विषय आपल्यासमोर अहवालात छापलेला आहेच’ अशा सुरात वाचला. “मंजूर!” झालं. मी आठव्याकडे वळलो, तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक म्हातारी उठली. डोक्यावर पदर, हातात अहवाल, तोही उलटा धरलेला.

“चेरमनसायेब, त्ये सातवं काय व्हतं?”

मी म्हणालो, “आजी, संचालकांच्या कर्जाची माहिती.”

“मंजी तुमच्यातल्या कुणी आमचं पैसं घेतल्यात का?”

मंगल कार्यालयात पंखे फिरत होते तेवढेच ऐकू येत होते. आजीची ठेव दुधाच्या पैशाची होती. दोन म्हशी, डेअरीचा पगार, त्यातून काढून ठेवलेले. आपल्या जिल्ह्यात ज्या पतसंस्था बुडाल्या त्यांचे ठेवीदार काही वेगळे नव्हते. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत ठेव विमा असतो, पतसंस्थेच्या ठेवीला त्या विम्याचं कवच नाही. आजीचं कवच म्हणजे व्यासपीठावर बसलेले आम्ही. आणि आमचा परिचय मी तिला कसा करून दिला होता? प्रगतशील, प्रथितयश, शिक्षणप्रेमी.

त्या वेळी मी आजीला पत्रक वाचून दाखवलं. पण वाचताना मास्तरकीची जुनी सवय जागी झाली आणि आकडे डोळ्यांत खुपायला लागले. थकबाकीच्या रकान्यात सगळ्यांपुढे ‘निरंक’. हे असंच असणार, कारण थकबाकीदार झाला की संचालकपद धोक्यात येतं. त्यामुळे कोणीही संचालक 31 मार्चला थकत नाही. तो 10 एप्रिलला थकतो. याला आपल्याकडे नवं-जुनं करणं म्हणतात. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कोणाकडून तरी आठ-दहा दिवसांसाठी रक्कम आणायची, जुनं कर्ज व्याजासह भरून निल करायचं, आणि एप्रिलात तेवढंच किंवा व्याजाएवढं जास्त नवं कर्ज काढून ती रक्कम परत करायची. कागद शुद्ध, सह्या खऱ्या, पत्रक बरोबर. फक्त पैसा कुठून फिटला हे त्यात नसतं. ओळखायची खूण सोपी आहे. वर्षभर एक हप्ता नाही आणि मार्चअखेर अख्खं कर्ज एकदम फिटलं, असं दिसलं की एप्रिलचा कर्ज उतारा मागायचा. असं दरवर्षी होत असेल आणि आकडा दरवर्षी थोडा फुगत असेल, तर ते कर्ज फिटत नाहीये, नुसतं वाढदिवस साजरे करतंय.

पुढच्या वर्षीच्या सभेआधी मासिक बैठकीत मी ठराव मांडला की परिचयाची पद्धत बदलू. विशेषणं काढू, आणि प्रत्येकाच्या नावापुढे सातव्या विषयातली माहिती वाचू: कर्ज किती, कशासाठी, वर्षात किती फिटलं, आज किती येणे. ‘आज’ म्हणजे सभेच्या दिवशी, 31 मार्चला नव्हे. बैठकीत शांतता पसरली. मग तात्या म्हणाले, “अवो सर, पाव्हण्यांसमोर ओळख करून देताना कुणी उधारी सांगतं व्हय?” आप्पा म्हणाले, “कायद्यात असं कुठं लिहिलंय?” मॅनेजर मॅडम म्हणाल्या, “अध्यक्षीय सूचनाही कुठं लिहिलेली नाही, आप्पा.” मी त्यांच्याकडे कृतज्ञतेनं पाहिलं, आणि जरा सावधपणेही. ताई म्हणाल्या, “माझं आधी वाचा.” त्यावर ज्यांना नको होतं त्यांना नको म्हणता येईना. शेवटी तोडगा निघाला की ज्याची लेखी संमती असेल त्याचीच माहिती परिचयात वाचायची, बाकीच्यांचं नुसतं नाव. कर्जाचं पत्रक मात्र सातव्या विषयात सगळ्यांचं, आणि सावकाश.

हे सगळं आजीसाठी केलं असं मी लोकांना सांगतो. त्यात खोटं काही नाही. पण ठराव मांडताना माझ्या मनात गाडगीळ होतेच, आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीचा मथळाही होता. मथळा मी स्वतःच तयार करून वार्ताहराला देऊन ठेवला होता. तो छापून आला नाही. ‘खेळीमेळीच्या वातावरणात’ हेच छापून आलं.

सभेच्या दिवशी मी स्वतःपासून सुरुवात केली. “अध्यक्ष. घरदुरुस्तीसाठी कर्ज, हप्ते नियमित, आज येणे बाकी इतकी, थकबाकी नाही.” मागचा आवाज गोंधळला, कारण यावर मंजूर म्हणायचं की नाही हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. मग ताई: स्वतःचं कर्ज नाही, मुलाचं शैक्षणिक कर्ज आहे, चालू. मग तात्या. माझ्या तोंडातून ‘निरंक’ निघताच तात्या न सांगता उभे राहिले आणि त्यांनी चहूकडे हात जोडले. ‘सहकाररत्न’ म्हटल्यावरही ते कधी उभे राहिले नव्हते. बहुतेकांच्या संमत्या आल्या होत्या. दोघांची फक्त नावं वाचली गेली. सभा त्या दोघांकडे जरा जास्त वेळ पाहत राहिली. मी काही म्हणालो नाही, म्हणण्याची गरजही पडली नाही. सातव्या विषयाला तीन हात वर झाले आणि एकानं एप्रिलचा उतारा मागितला. ती मागणी आम्ही इतिवृत्तात नोंदवून घेतली. त्यानंतर पुढच्या मासिक बैठकीत त्या दोघांपैकी एकाच्या कर्जाचे हप्ते पाडून द्यावे लागले. दुसऱ्यानं वैयक्तिक कारणास्तव राजीनामा दिला, आणि आम्ही तो खेद व्यक्त करून मंजूर केला. त्या दिवशी ‘मंजूर’ मीच सगळ्यात मोठ्यानं म्हणालो.

आता वाचकांना विनंती. तुमच्या पतसंस्थेची, सोसायटीची, कारखान्याची नोटीस सप्टेंबरात येईलच, पक्ष असो वा नसो. हजेरीपुस्तकात सही करून, भेटीचा स्टीलचा डबा घेऊन लगेच निघू नका. अहवाल उघडा आणि संचालकांच्या कर्जाचं पत्रक शोधा. ते छापलेलं नसेल तर हात वर करून मागा. अध्यक्ष म्हणतील, ‘आयत्या वेळच्या विषयात घेऊ’, तर ऐकू नका. हा विषय अध्यक्षांच्या परवानगीनं येणारा नाही, कायद्यानं येणारा आहे. आणि चुकून आमच्या सभेला आलात तर दीड वाजता या, पण गाडगीळ संपेपर्यंत उठू नका. जेवण त्यानंतरच आहे.